तीस गोणी डेब्रिज: एका कोटेशनला दिलेलं उत्तर

माझी भाची ठाण्यात वर्तकनगरला राहते. बिल्डिंग अठ्ठावीस वर्षांची, घर तिसऱ्या मजल्यावर. जानेवारीच्या शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि तिला हाताला धरून आपल्या मोरीत घेऊन गेल्या. छताला परातीएवढा ओला डाग, मधोमध रंगाचा फुगा, आणि त्यातून थेंब. भाचीच्या कॉमन बाथरूमची नहाणी बरोबर त्याच्या वर येते. घरातल्या मोरी-संडासातून होणारी गळती ज्याची त्यानेच दुरुस्त करायची, असा सोसायट्यांच्या आदर्श उपविधींचाही रोख आहे, त्यामुळे खर्च कोणाचा हा वाद नव्हता.

तिने ओळखीतून एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्याने पाहिलं, टेप लावली आणि १२ फेब्रुवारीला व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं. एका ओळीचं: ‘बाथरूम लीकेज काम, तोडफोड, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, टाइल्स, सर्व मटेरियलसह, ₹१,१८,०००. ॲडव्हान्स ६० टक्के. जीएसटी एक्स्ट्रा. काम ८ दिवसांत.’ दुसऱ्या एकाने १,४६,००० सांगितले होते, म्हणून तो महागडा ठरवून तिने बाजूला ठेवला होता.

मी तीस वर्षं बिल्डिंग रिपेअरच्या कामांची मापं घेतली आणि बिलं तपासली, म्हणून तिने मला फोन केला. उत्तर तिने लिहून ठेवलं होतं, फक्त पाठवायचं राहिलं होतं: ‘दादा, रेट जास्त वाटतोय, काही कमी होईल का? आणि कधी सुरू कराल?’

मी म्हटलं, हे पाठवू नकोस. ‘कमी होईल का’ विचारलं की तो पाच हजार कमी करतो, आणि काय कमी केलं ते आपल्याला कधीच कळत नाही. ‘कधी सुरू कराल’ विचारलं की ‘लगेच’ असं उत्तर येतं. त्या लगेचचा अर्थ एवढाच की ॲडव्हान्स लगेच द्या.

आधी गळती नक्की कुठून आहे ते तपासायचं होतं. ते कळल्याशिवाय कोटेशनला काय विचारायचं तेही कळत नाही. दोन दिवस ते बाथरूम बंद ठेवायला सांगितलं, पण पाण्याची लाइन चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालचा थेंब थांबला. म्हणजे भिंतीतला प्रेशरचा पाइप नव्हे. तो फुटला असता, तर कोणी अंघोळ करो न करो, थेंब चालूच राहिला असता. मग जमीन अजिबात ओली न करता नळीने पाणी थेट नहाणीच्या जाळीत सोडलं, चार बादल्या. दोन तासांत खाली थेंब सुरू. दोष जमिनीच्या टाइल्समध्ये नव्हता, जाळीखालच्या भांड्यात, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, किंवा त्याच्या पाइपच्या जोडात होता.

आता या बिल्डिंगचं बाथरूम आतून कसं आहे ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तिथला स्लॅब नऊ इंच खाली घेतलेला आहे. आपण त्याला सन्क म्हणतो. त्या खड्ड्यात नहाणी ट्रॅप आणि ड्रेनेजचा पाइप बसवतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि मग टाइल्स. ट्रॅपचा जोड सुटला की पाणी आधी कोब्यात साठतं. कोबा ते स्पंजासारखं धरून ठेवतो आणि तासन्‌तास खाली सोडतो. म्हणूनच अंघोळ सकाळी सातला आणि काकूंच्या छताला थेंब दुपारी दोनलाही. हा जोड कोब्याच्या पोटात असतो. कोबा न काढता त्याला हात लावता येत नाही.

मग आम्ही दोघांनी बसून उत्तर लिहिलं. ते जसंच्या तसं देतो:

‘दादा, नमस्कार. आमच्या कॉमन बाथरूमचं तुमचं १२ फेब्रुवारीचं १,१८,००० रुपयांचं कोटेशन मिळालं. काम तुमच्याकडूनच करून घ्यायचा विचार आहे. होकार देण्याआधी दोन गोष्टी लिहून हव्यात.

पहिली, कामाची फोड. प्रत्येक कामासमोर माप, दर आणि रक्कम लिहा. तोडफोड फक्त टाइल्सची आहे की खालचा कोबा स्लॅबपर्यंत काढणार? डेब्रिज किती गोणी धरलंय? वॉटरप्रूफिंग किती स्क्वेअर फूट, कुठे कुठे, कोणतं मटेरियल, किती कोट? नहाणी ट्रॅप आणि ड्रेनेजचा पाइप नवीन आहे का? टाइल्स काय दराच्या धरल्या आहेत? या रकमेत जे येत नाही तेही लिहा. जीएसटी लावणार असाल तर तुमचा जीएसटी नंबर द्या.

दुसरी, तारीख. काम कोणत्या तारखेला सुरू होईल आणि किती दिवस चालेल? पाणी भरून टेस्ट करायचे दिवस त्यात धरलेत का? आमच्या अडचणी अशा: खालच्या घरात दहावीची परीक्षा आहे, त्यामुळे १७ मार्चपर्यंत तोडफोड नको. सोसायटीला आठ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात बाथरूम वापरात हवं, पाहुणे यायचे आहेत.

तारीख ठरली की ॲडव्हान्सचं बोलू. रविवार २३ तारखेपर्यंत कळवलंत तर बरं होईल.’

यात रक्कम जास्त आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. मुद्दामच. रकमेवर बोट ठेवलं की समोरचा रकमेचा बचाव करतो, आणि आम्हाला कामाबद्दल ऐकायचं होतं. ‘तुमच्याकडूनच’ हा शब्दही मुद्दाम होता, आणि तो खराही होता. ‘जे येत नाही तेही लिहा’ हे वाक्य मी पहिल्या साइटपासून वापरत आलोय. दुरुस्तीच्या कामातली भांडणं बहुतेक लिहिलेल्या गोष्टींवरून होत नाहीत. न लिहिलेल्या गोष्टी दोघांनी आपापल्या सोयीने धरलेल्या असतात, तिथे होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाजात नाराजी होती. “ताई, आमच्या धंद्यात असं फोडून कोणी देत नाही. मी रेट लिहून द्यायचे आणि तुम्ही ते घेऊन बाजारात फिरायचं.”

ही भीती खोटी नाही. एकाकडून फोड घ्यायची आणि तीच दुसऱ्यापुढे धरून दर पाडायचे, असं लोक सर्रास करतात. त्याचा एक रविवार फुकट जातो आणि काम तिसऱ्यालाच मिळतं. भाचीने त्याला सांगितलं, “दादा, रेट कोणाला दाखवणार नाही. मला रेटपेक्षा मापं हवीत. टाइप करू नका, वहीत लिहा आणि फोटो पाठवा. बेरीज मी करते.” बेरीज मी करते म्हटल्यावर तो हसला. शनिवारी रात्री डायरीच्या पानाचा फोटो आला, निळ्या पेनाने लिहिलेला, कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग.

पानावर सात ओळी होत्या. टाइल्स तोडणं १४,०००. डेब्रिज ३० गोणी, दीडशेच्या दराने ४,५००. वॉटरप्रूफिंग १७५ स्क्वेअर फूट, ११० च्या दराने १९,२५०. प्लंबिंग, भिंतीतल्या नवीन पाइपसह, २८,०००. टाइल्स बसवण्याची मजुरी, सिमेंट-वाळूसह, १६,६२५. टाइल्सची किंमत १२,२५०. कमोड, नळ, फिटिंग परत बसवणं ९,०००. बेरीज झाली १,०३,६२५. कोटेशनपेक्षा १४,३७५ कमी. विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, “ते माझं सुपरव्हिजन आणि वरखर्च.” साधारण चौदा टक्के होतात. त्यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. माणूस रोज साइटवर येणार असेल तर ते त्याचं हक्काचं आहे.

माझी नजर अडकली डेब्रिजच्या ओळीवर.

बाथरूम सात बाय साडेचार फूट. जमीन साडेएकतीस स्क्वेअर फूट, भिंतींच्या टाइल्स सात फुटांपर्यंत, दरवाजा वजा करून जवळजवळ १४४. एकूण १७५. एवढ्या टाइल्स जुन्या मालासकट काढल्या की सिमेंटच्या रिकाम्या गोणीने साधारण तीस गोणी भरतात. त्याचा आकडा बरोबर होता, पण फक्त टाइल्सपुरता. नऊ इंचाच्या सन्कमध्ये साधारण २४ घनफूट कोबा असतो. फोडल्यावर तो फुगतो आणि आणखी तीस-पस्तीस गोणी होतात. कोबा निघणार असता तर पानावर साठ-पासष्ट गोणी दिसल्या असत्या. तीस गोणी म्हणजे कोब्याला हात लावायचा विचारच नाही.

मग बाकीच्या ओळीही तेच सांगायला लागल्या. वॉटरप्रूफिंगचं माप १७५, म्हणजे टाइल्सचंच माप उतरवलेलं. सगळं वरून, सन्कच्या तळाला काहीच नाही. प्लंबिंगमध्ये भिंतीतले पाइप होते, नहाणी ट्रॅप नव्हता. आणि ते ‘आठ दिवस’. स्लॅबवर दोन कोट मारायचे, ते सुकू द्यायचे, अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवायचं, मग कोबा भरायचा आणि तोही पिकू द्यायचा. एवढं करायचं तर आठ दिवसांत टाइल्स चढूच शकत नाहीत. फोड मागितली नसती तरी हा एक आकडा पुरेसा होता. पण आठ दिवस ऐकून बहुतेकांना बरंच वाटतं.

त्या आठवड्यात मी त्याला घरी भेटलो. माणूस कामाचा होता, बोटांवर सिमेंटच्या भेगा. त्याचं म्हणणं, “कोबा काढायची गरज नाय, काका. वरून दोन कोट केमिकल मारलं की बसतं.” मी जाळी उचलली, टॉर्च दिला, आणि नळीने पाणी ओतल्यावर काय झालं ते सांगितलं. पाणी वरून झिरपतच नाही, ते जाळीतून आत जाऊन खाली सुटतंय, तर वरच्या कोटाने काय अडणार? तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “ताईंनी फक्त लीकेज काढायचं म्हटलं होतं. कोबा काढा म्हटलं असतं तर धरला असता. पण मग रेट वाढतो आणि गिऱ्हाईक पळतं.”

यात त्याचीही बाजू आहे. गिऱ्हाइकाने काम सांगितलंच नाही, परिणाम सांगितला. त्याने स्वस्तात बसेल असं काम धरलं आणि त्याची किंमत दिली. एकरकमी आकड्यात ही तफावत दिसत नाही. गोण्यांमध्ये दिसली.

नवीन फोड तिथेच जमिनीवर बसून झाली. कोबा काढण्याची मजुरी ६,५०० वाढली, गोणी ६२ धरल्या म्हणून ४,८०० वाढले, नवीन कोबा आणि ढाळ १२,०००, ट्रॅप आणि ड्रेनेजचा पाइप ३,५००. वॉटरप्रूफिंग मात्र थोडं कमी झालं. सन्कचा तळ आणि चारी बाजू मिळून ४९ स्क्वेअर फूट, वरच्या थरात जमीन, भिंतीवर फूटभर आणि फक्त शॉवरच्या कोपऱ्यात सात फुटांपर्यंत, असं ११५. एकूण १६४. म्हणजे मटेरियल जवळजवळ तेवढंच, जागा बदलली. रक्कम १,४३,५९० झाली, १,४३,००० ला ठरलं.

भाचीचा चेहरा उतरला. फोड मागितली ती पैसे वाचतील म्हणून, आणि पंचवीस हजार वाढले. मी तिला दुसऱ्याचं कोटेशन काढायला लावलं, ते १,४६,००० वालं. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘जुना कोबा स्लॅबपर्यंत काढणे’. ज्याला ती महाग म्हणत होती तो पहिल्यापासून या कामाची किंमत सांगत होता. आणि १,१८,००० चं काम झालं असतं तर काकूंच्या छताचा थेंब थांबला नसता.

जीएसटीचं लवकर मिटलं. त्याची नोंदणी नव्हती. सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. ‘एक्स्ट्रा’ हा शब्द कोणाच्या तरी कोटेशनवरून उतरला होता. अठरा टक्क्यांनी पहिल्या रकमेवरच एकवीस हजारांचा फरक पडला असता.

तारखेला वेळ लागला. पहिलं उत्तर आलं, “पाडवा झाला की लगेच.” ही तारीख नाही. त्यात पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत काहीही बसतं. भाचीने विचारलं, मधे काय आहे? मग खरं बाहेर आलं. माणसं शिमग्याला कोकणात जाणार होती, परतल्यावर कोपरीला एक अर्धवट काम संपवायचं होतं, ते २ एप्रिलला संपणार होतं. त्यावरून सोमवार, ७ एप्रिल निघाली. त्याच्या अडचणी विचारल्या म्हणून ही तारीख टिकेल असं मला वाटलं. नुसती दटावून काढलेली तारीख पहिल्या फोनला हलते.

मग दिवस मांडले. तीन दिवस तोडफोड, सोसायटीच्या नियमाप्रमाणे दहा ते एक आणि चार ते सहा. नंतर साफसफाई, पाइप आणि ट्रॅप बसवणं, पाइप भिंतीतून जातो तिथलं भोक भरणं, जमीन आणि भिंत मिळतात त्या कोनात सिमेंटचा गोलसर वाटा, दोन कोट. १४ तारखेला आंबेडकर जयंती, काम बंद. १५ ते १७ पाणी भरून टेस्ट. पुढे कोबा, तो पिकायला दिवस, वरचे कोट, चोवीस तासांची दुसरी टेस्ट, मग टाइल्स. शेवट ३० एप्रिल. तिथे पोचायला आठ नव्हे, चोवीस दिवस लागत होते, आणि ते फेब्रुवारीतच कळल्यामुळे पाहुण्यांच्या तारखाही त्यावर बेतता आल्या.

साठ टक्के ॲडव्हान्स गेला. त्या जागी: तारीख ठरली म्हणून १५,००० टोकन, काम सुरू होईल त्या दिवशी ३५,०००, पहिली टेस्ट पास होऊन कोबा भरला की ४०,०००, टाइल्स झाल्या की ३८,०००, आणि काम संपल्यावर पंधरा दिवस खालचं छत कोरडं राहिलं की उरलेले १५,०००. एक ओळ मी घालायला लावली: उघडल्यावर नवीन काही निघालं तर आधी फोटो, मग दर, होकार आल्यावर काम. कितीही बारीक फोड केली तरी कोब्याखाली काय आहे ते कोणाला दिसत नाही.

७ एप्रिलला सकाळी दहाला दोन माणसं आणि ब्रेकर आला. गोण्या ६४ भरल्या. ड्रेनेजचा जुना पाइप डक्टकडे जाताना भिंतीतच तडकलेला निघाला. फोटो आला, २,८०० सांगितले, भाचीने तासाभरात होकार दिला.

पहिली टेस्ट फसली. ट्रॅपला बूच मारून सन्कमध्ये चार इंच पाणी भरलं होतं आणि पातळीवर पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख-वेळ लिहिली होती. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या अर्धा इंच खाली. बंद बाथरूममध्ये हवेने थोडं उडतं, पण एका दिवसात अर्धा इंच नाही. पाइपच्या भोकाभोवती कोटाला केसाएवढी चीर होती. ती खरवडून मसाला भरला, परत दोन कोट, परत पाणी. यात तीन दिवस गेले. त्याने जास्तीचा एक रुपया मागितला नाही, कारण चाळीस हजारांसमोर ‘टेस्ट पास झाल्यावर’ हे त्याच्याच अक्षरात होतं. या वेळी अठ्ठेचाळीस तासांनी पाणी रेघेलाच होतं, आणि खाली काकूंच्या छताला हात लावून पाहिला तर कोरडा.

काम ३ मेला संपलं. काकूंनी छतावरच्या डागाच्या कडेने खडूने रेघ ओढून ठेवली होती. १८ तारखेला भाची आणि कॉन्ट्रॅक्टर दोघं खाली गेले. डाग रेघेच्या आत चार बोटं आक्रसला होता आणि फुगलेला रंग हात लावल्यावर भुकटी होऊन पडला. शेवटचे पंधरा हजार तिने तिथेच, काकूंच्या मोरीत उभ्या उभ्या त्याला पाठवले.